इंडक्शनसाठी भांडं निवडताना

इंडक्शन शेगडी स्वतः तापत नाही. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र निर्माण होतं आणि भांड्याचा तळच तापतो. त्यासाठी तळात लोखंड हवं. म्हणून बिडाचा तवा, लोखंडी कढई चालते. ॲल्युमिनियमचं पातेलं, पितळी किंवा तांब्याचं भांडं चालत नाही.

खरा घोळ स्टीलचा. निकेल असलेलं स्टील चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. तेव्हा खरेदीला जाताना फ्रिजवरचा चुंबक खिशात ठेवा आणि तो भांड्याच्या कडेला नव्हे, तळाच्या मधोमध लावा. घट्ट चिकटला तर भांडं चालेल. लावताच घसरला तर शेगडी बहुधा ते ओळखणार नाही. मात्र चुंबक तळाचा सपाटपणा सांगत नाही. गोल बुडाची कढई चिकटूनही नीट तापत नाही.