पोटापर्यंत न पोचणारा घास

आठ वर्षांची एक लॅब्रेडॉर कुत्री डोळ्यांसमोर आणा. वजन एरवी २८ किलो, आता २४ वर आलेलं. तीन आठवड्यांपासून "उलट्या" होताहेत अशी घरच्यांची तक्रार. उलटी थांबवणारी इंजेक्शनं झाली, पोटाची सोनोग्राफी झाली, रक्ताचे रिपोर्ट ठीक आले. भूक मात्र उत्तम! खाल्लेलं बाहेर पडलं की ती तेच पुन्हा खायला धावते. प्राण्यांच्या दवाखान्यात ही कहाणी वारंवार ऐकायला मिळते आणि तिच्यात उपचार चुकीच्या जागी चाललेले असतात. बिघाड पोटात नसून पोटाच्या आधीच्या नळीत, म्हणजे अन्ननलिकेत असतो. अन्ननलिका ढिली पडून फुगते, घास खाली ढकलू शकत नाही. या आजाराला मेगाइसोफेगस म्हणतात.

इथे सगळ्यात मोलाची तपासणी घरच्यांच्या मोबाइलमध्ये होते. कुत्रीच्या तोंडून अन्न बाहेर येताना व्हिडिओ घ्या आणि तिच्या पोटाकडे बघा. खरी उलटी होण्याआधी कुत्र्याला मळमळतं. तो ओठ चाटतो, लाळ गाळतो, अस्वस्थ होऊन फेऱ्या मारतो, काही जण गवत खायला धावतात. मग पोट आत ओढलं जातं, बरगड्यांखालचा भाग जोरजोरात आकसतो, उबळीचा आवाज येतो आणि अर्धवट पचलेलं अन्न किंवा पिवळं पित्त बाहेर पडतं.

अन्ननलिकेतून परत येणाऱ्या अन्नाची तऱ्हा वेगळी. कुत्री उभी असते, मान खाली घालते आणि घास सरळ घरंगळत बाहेर येतो. पोट हलत नाही. आधी काही सूचना नसते, नंतर थकवाही नसतो. पडलेलं अन्न जसं खाल्लं तसंच असतं. चपातीचा तुकडा ओळखू येतो, भाताची शितं मोजता येतील इतकी शाबूत असतात, भोवती पांढरी फेसाळ लाळ असते आणि पिवळा रंग नसतो. कधी त्याला लांबट, गोल आकार आलेला असतो. वेळेवरून मात्र निदान करू नये. जेवल्यावर पाच मिनिटांत येतं तसं फुगलेल्या नळीत साचून कित्येक तासांनीही येतं. "जेवण होऊन बराच वेळ झाला होता, म्हणजे उलटीच" हा तर्क म्हणूनच फसवा आहे.

या फरकावर पुढचं सगळं अवलंबून असतं. उलटी थांबवणारी औषधं मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर किंवा जठरावर काम करतात. इथे उलटीच होत नाही, मग ती थांबणार कशी? जठराची हालचाल वाढवणारं मेटोक्लोप्रमाइडही उपयोगी पडत नाही, कारण ते अनैच्छिक स्नायूंवर काम करतं आणि कुत्र्याची अन्ननलिका वरपासून खालपर्यंत ऐच्छिक स्नायूंची, हातापायांत असतात तशा स्नायूंची बनलेली असते. माणसात आणि मांजरात खालचा भाग वेगळ्या स्नायूचा असतो, कुत्र्यात तसं नाही. शिवाय हे औषध जठराच्या तोंडाशी असलेली झडप आवळतं, त्यामुळे आधीच रखडलेला घास आणखी रखडू शकतो.

व्हिडिओ पाहून संशय पक्का झाला की छातीचा एक्स-रे. तो शक्यतो कुत्री पूर्ण जागी असताना काढावा. भूल किंवा गुंगी दिली की निरोगी कुत्र्याचीही अन्ननलिका तात्पुरती सैल पडते आणि नसलेला आजार दिसू लागतो. धाप लागलेला किंवा घाबरलेला कुत्रा हवा गिळतो, तेव्हाही नळीत थोडी हवा दिसते. ती लगेच आजार समजू नये.

साध्या एक्स-रेमध्ये निरोगी अन्ननलिका सहसा दिसतच नाही. ती मिटलेली असते आणि आजूबाजूच्या मांसाच्याच करड्या रंगात विरून जाते. फुगलेल्या नळीत हवा भरली की ती उघडी पडते, कारण हवा काळी दिसते. कुशीवर झोपवून काढलेल्या चित्रात हृदयाच्या मागे दोन बारीक पांढऱ्या रेषा दिसतात आणि छातीच्या पडद्याकडे जाताना एकमेकींजवळ येतात. या नळीच्या दोन भिंती. पुढच्या बाजूला श्वासनलिकेच्या वर एरवीपेक्षा जाड पांढरा पट्टा दिसतो. तिथे अन्ननलिकेची खालची भिंत आणि श्वासनलिकेची वरची भिंत एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि दोन्हीकडे हवा असल्यामुळे तो पट्टा ठळक होतो. नळीत अन्न किंवा पाणी भरलेलं असेल तर काळ्याऐवजी करडा, कधी दाणेदार भाग दिसतो आणि श्वासनलिका पोटाच्या बाजूला, खाली दाबली गेलेली असते.

फुगवटा कुठे संपतो तेही बघायचं. आईचं दूध सोडून घट्ट खायला लागल्याबरोबर पिल्लाचं अन्न परत यायला लागलं आणि नळी फक्त हृदयाच्या पुढेच फुगलेली असली, तर हृदयाजवळच्या जन्मजात चुकीच्या रक्तवाहिनीने तिला फास बसलेला असू शकतो. तिथे शस्त्रक्रिया लागते आणि ती लवकर झालेली बरी. मोठ्या कुत्र्यात अडकलेलं हाड नाही ना, हेही याच चित्रात तपासायचं.

आणि फुफ्फुसं! मेगाइसोफेगसचे कुत्रे दगावतात ते बहुतेक वेळा उपासमारीने नव्हे, परत आलेलं अन्न श्वासनलिकेत जाऊन झालेल्या न्यूमोनियाने. अन्न गुरुत्वाने खाली उतरतं, त्यामुळे डाग सहसा फुफ्फुसाच्या खालच्या भागात पडतात आणि उजव्या बाजूचा मधला खंड हे त्यांचं आवडतं ठिकाण. तिथे पांढरटपणा आणि त्यातून जाणाऱ्या श्वासनलिकेच्या फांद्या काळ्या उठून दिसल्या तर न्यूमोनिया धरून चालावं. कुत्रा ज्या कुशीवर झोपतो त्या बाजूचं फुफ्फुस दबतं आणि तिथला डाग लपतो. म्हणून उजवा मधला खंड डाव्या कुशीवर झोपवलेल्या चित्रात नीट दिसतो. एकाच कुशीच्या फिल्मवर समाधान मानू नये. बेरियम पाजून चित्र काढायची घाईही नको. साध्या फिल्मवर निदान झालं असेल तर ते बेरियम फुफ्फुसात जाण्याचा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

आपल्या लॅब्रेडॉरच्या फिल्मवर नळी मानेपासून पडद्यापर्यंत हवेने भरलेली आहे, फुफ्फुसं सुदैवाने स्वच्छ आहेत. मोठ्या वयात सुरू झालेल्या आजाराचं कारण बऱ्याचदा सापडत नाही, पण शोधायलाच हवं. सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांमध्ये मायस्थेनिया ग्रॅव्हिस निघतो. यात शरीर स्वतःच्याच स्नायूंवरच्या, मज्जातंतूंचा संदेश घेणाऱ्या जागांविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. पायांत अशक्तपणा नसला तरी फक्त अन्ननलिका सापडू शकते. रक्तात ही प्रतिपिंडं तपासता येतात. अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा अ‍ॅडिसनचा आजारही पडताळावा. या तपासण्यांचं रक्त घेण्याआधी स्टेरॉइड सुरू करू नये, निष्कर्ष बिघडतात.

आता जेवण. नळी ढकलत नसेल तर गुरुत्वाकडून काम करून घ्यायचं. भांडं स्टुलावर ठेवून भागत नाही. कुत्रा चार पायांवर उभा असला की छातीतली नळी आडवीच राहते आणि अन्न सैल पडलेल्या पायमोज्यात साचावं तसं तिच्यात साचतं. पाठीचा कणा उभा हवा. त्यासाठी बेली नावाच्या कुत्र्यावरून ओळखली जाणारी ‘बेली चेअर’ वापरतात. प्लायवूडची, तीन बाजूंनी बंद, उभी खुर्ची. कुत्रा त्यात माणसासारखा ढुंगणावर बसतो, पाठ मागच्या फळीला टेकते, पुढचे पंजे समोरच्या आडव्या फळीवर. तोंडाच्या उंचीवर भांडं. सुतार सहज बनवून देईल. माप घेताना रुंदी इतकीच ठेवावी की कुत्र्याला आत वळता येणार नाही, आणि बुडाखाली गादी टाकावी. पहिले काही दिवस जेवण न देता नुसतं बसवायचं, आवडीचा एखादा तुकडा द्यायचा. ओढून कोंबलं तर ती खुर्चीची वैरीण होईल. लहान जातीच्या कुत्र्याला मांडीवर उभं धरलं तरी चालतं.

जेवण संपल्यावर वीस ते तीस मिनिटं तसंच बसवून ठेवायचं. हाच भाग लोक गाळतात. घास तोंडातून गेला म्हणजे पोटात गेला असं नसतं. जठराच्या तोंडापाशी तो थांबतो आणि झडप उघडेल तेव्हा उतरतो.

किती आणि काय द्यायचं? २८ किलोच्या मोठ्या कुत्रीला दिवसाला साधारण १,२०० कॅलरी लागतील असं धरून सुरुवात करता येते. म्हणजे दिवसातून चार वेळा, दर वेळी ३०० कॅलरी. थोडक्या अन्नात जास्त कॅलरी असतील तेवढं चांगलं आणि दर आठवड्याच्या वजनावरून प्रमाण कमीजास्त करायचं. अन्नाचा घट्टपणा प्रत्येक कुत्र्याला वेगळा मानवतो. काहींना मिक्सरमधून काढलेली पातळ पेज उतरते, काहींना न चावता गिळता येतील असे मऊ गोळे. एक प्रकार आठवडाभर द्यावा, अन्न किती वेळा परत आलं ते वहीत लिहावं, मग दुसरा प्रकार. रोज बदल केला तर काहीच कळत नाही.

पाणी जास्त कठीण. ते नळीत साचतं आणि झोपेत सहज श्वासनलिकेत जातं. म्हणून जमिनीवरचं पाण्याचं भांडं उचलायचं, बादल्या झाकायच्या. बरंचसं पाणी अन्नातच मिसळायचं, बाकीचं जिलेटिनचे चौकोन करून किंवा दाट करून खुर्चीतच द्यायचं. रात्री मानेखाली उशी ठेवली की अन्न आणि लाळ परत यायचं प्रमाण अनेकदा घटतं.

माणसांच्या वापरातलं सिल्डेनाफिल हे औषध जठराच्या तोंडाची झडप सैल करतं आणि काही कुत्र्यांत अन्न परत येणं कमी होतं, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलं आहे. डोस पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावा. मायस्थेनिया निघाला तर पायरिडोस्टिग्मिन देतात. तेव्हा प्रतिपिंडांची पातळी आणि एक्स-रे ठरावीक काळाने पुन्हा करावे लागतात, कारण यातल्या काही कुत्र्यांची अन्ननलिका काही महिन्यांत पूर्ववत होते. खुर्ची मात्र फिल्म सुधारल्याशिवाय सोडायची नाही.

घरच्यांनी रोज एक आकडा पाहावा. ती गाढ झोपलेली असताना मिनिटाला किती श्वास घेते? तो तिसाच्या वर राहू लागला, ताप आला, ओला खोकला सुरू झाला किंवा खुर्ची पाहून धावणारी कुत्री अचानक जेवायला नको म्हणाली, तर त्याच दिवशी पुन्हा छातीचा एक्स-रे काढून घ्यावा.