डिटेक्टर पास, पण लेखक कोण?

जॉन केनेडींच्या 'प्रोफाइल्स इन करेज'ला 1957 साली चरित्रासाठी पुलित्झर मिळालं. त्याच डिसेंबरात पत्रकार ड्रू पिअर्सन टीव्हीवर म्हणाले की पुस्तक दुसऱ्यानेच लिहिलंय. केनेडींच्या वकिलांनी दबाव आणल्यावर एबीसीने ते विधान मागे घेतलं. पुढे 2008 मध्ये केनेडींचे सहायक टेड सोरेनसन यांनी आत्मचरित्रात सांगितलं, की बहुतेक प्रकरणांचा पहिला खर्डा आपलाच.

हे पुस्तक तेव्हा आजच्या डिटेक्टरमधून काढलं असतं तर? वाङ्मयचौर्य शोधणारं सॉफ्टवेअर आधी छापलेल्या मजकुराशी जुळणी करतं. इथे मजकूर नवा होता. बरेच एआय डिटेक्टर पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, ते मोजतात. इथे लिहिणारा माणूसच होता. दोन्हीकडे बहुधा हिरवा दिवा! मुखपृष्ठावरचं नाव आणि लिहिणारा हात एकच आहे का, हे दोन्ही यंत्रं विचारतच नाहीत.

शैलीची तुलना करता येते म्हणा. पण त्यासाठी त्या लेखकाचं खात्रीने स्वतःचं लेखन हवं, आणि केनेडींची गाजलेली भाषणं घडवण्यातही सोरेनसनचाच मोठा हात होता.