वाक्य इंग्रजी, चाल मराठी!

‘प्लीज टेल मी व्हेअर इज द फाइल.’ वाचलंत? काही खटकलं? नसेल, तर हे पान खास तुमच्यासाठीच आहे बॉस!

स्पेलिंग चुकलं तर कॉम्प्युटर लाल रेघ मारतो. इथे मात्र एकूण एक शब्द बरोबर आहे, चुकलीये ती फक्त शब्दाची जागा. राजारामपुरीत मी वीकएंडला ऑफिस इंग्लिशची बॅच घेते. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतले एक्स्पोर्टवाले येतात, बँकेतले येतात, आयटीवाले येतात. पगार वेगवेगळे, पण ही चूक सगळ्यांची सेम!

कारण आपल्या मराठीत आहे. ‘फाइल कुठे आहे?’ हा प्रश्न. आता तोच दुसऱ्या वाक्यात घाला: ‘फाइल कुठे आहे ते सांग.’ एक शब्द तरी हलला का? नाही. इंग्रजीत मात्र सरळ प्रश्न विचारताना ‘इज’ उडी मारून ‘फाइल’च्या आधी येतं, आणि तोच प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की गुपचूप मागे जाऊन बसतं: ‘टेल मी व्हेअर द फाइल इज.’ ही ये-जा आपल्या भाषेत नाहीच, त्यामुळे कानाला ती जाणवत नाही. निपाणी-बेळगावकडून येणारे कन्नड दोस्तही इथेच अडखळतात, कारण त्यांच्या भाषेतही प्रश्नासाठी अशी उलटापालट करत नाहीत.

आता परदेशी कस्टमरला पाठवायचा हा नमुन्याचा मेल बघा:

‘वी डोन्ट नो व्हेन डिड द ट्रक लीव्ह. प्लीज कन्फर्म व्हॉट इज द क्वांटिटी. वी विल डिस्पॅच द कास्टिंग्ज ऑन फ्रायडे ओन्ली.’

पहिल्या वाक्याच्या पोटात प्रश्न आहे, म्हणून ‘डिड’ची सुट्टी. पण जाताना ‘डिड’ आपला भूतकाळ क्रियापदाकडे सोपवून जातो, म्हणून ‘लीव्ह’चं ‘लेफ्ट’ होतं: ‘वी डोन्ट नो व्हेन द ट्रक लेफ्ट.’ दुसरं वाक्य सोपं आहे: ‘व्हॉट द क्वांटिटी इज.’ त्याहून सुटसुटीत हवं असेल तर ‘प्लीज कन्फर्म द क्वांटिटी’ म्हणा आणि मोकळे व्हा.

तिसरं वाक्य जरा डेंजर आहे. आपल्याला म्हणायचंय ‘शुक्रवारीच पाठवतो’, म्हणजे नक्की, उशीर नाही. आपला ‘च’ शब्दाच्या शेपटीला चिकटतो, म्हणून ‘ओन्ली’ही आपण शेपटीलाच लावतो. भारतातल्या भारतात हे चालून जातं, सगळ्यांना कळतं. पण लंडनमधला कस्टमर वाचतो, ‘फक्त शुक्रवारी, इतर दिवशी नाही.’ तुम्ही दिलेला शब्द त्याला अट वाटते! खात्री द्यायची असेल तर ‘वी विल डेफिनिटली डिस्पॅच द कास्टिंग्ज ऑन फ्रायडे’ लिहा. ‘आय सेंट इट टुडे ओन्ली’मधला ‘ओन्ली’ तर सरळ उडवा, ‘टुडे’ पुरेसं आहे.

मग चूक पकडायची कशी? मेल लिहून झाला की वाक्याच्या मध्ये आलेले व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय, हाऊ शोधा. त्यांच्या लगेच मागोमाग इज, आर, विल, डिड आलंय? आणि त्यानंतर माणूस किंवा वस्तू? मग जागा बदला. वाक्याची सुरुवातच ‘डू यू नो’ने असेल तरी नियम हाच. उलटापालट ‘डू यू’मध्ये होऊन गेलीये, आत ती पुन्हा होत नाही: ‘डू यू नो व्हेअर ही इज?’

पण सरसकट सगळंच उलटं करत सुटू नका! ‘टेल मी हू इज कमिंग’ बरोबरच आहे. इथे ‘हू’ हाच येणारा माणूस, ‘इज’च्या मागे दुसरं कुणी बसलेलंच नाही. मग हलवायचं कुणाला?

‘च’साठी तर आणखी सोपं. मेल उघडा आणि त्यात only हा शब्द शोधा. जिथे सापडेल तिथे ‘फक्त’ ठेवून बघा. अर्थ जुळला तर ‘ओन्ली’ राहू दे, पण ज्या शब्दापुरतं ‘फक्त’ म्हणायचंय त्याच्या आधी ठेवा. नाही जुळला, तर तो आपला कोल्हापुरी ‘च’ आहे. खोडा आणि मगच सेंड दाबा!