शिल्लक वाढली, तरी तूट कशी?

बॅडमिंटन क्लबची वार्षिक सभा भरली आहे. खजिनदार वाचून दाखवतात : १ एप्रिलला शिल्लक ४०,००० रुपये होती, ३१ मार्चला ती ४८,००० झाली. टाळ्या पडतात आणि हिशेब मंजूर होतो. वाचलेला कागद खोटा नाही, पण पैसे किती आले आणि किती गेले एवढंच तो सांगतो. पाठ्यपुस्तकात त्याला प्राप्ती व शोधन खातं म्हणतात, आपण जमाखर्च म्हणतो. त्यातून उत्पन्न-खर्च खातं आणि ताळेबंद कसा निघतो, ते या कल्पित क्लबच्या आकड्यांवर पाहू.

वर्षभरात वर्गणीचे २,१८,००० रुपये आले आणि इमारतीसाठी म्हणून १,००,००० रुपयांची देणगी मिळाली. गेले ते असे : हॉल सांभाळणाऱ्याचा पगार १,१०,०००, वीज आणि भाडं ६०,०००, शटल ६०,००० आणि १ ऑक्टोबरला घातलेली नवी मॅट ८०,०००.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या वर्गणीत. सभासद १२० आणि वर्गणी वर्षाला २,०००, म्हणजे या वर्षाचं उत्पन्न २,४०,००० रुपये. मग हाती २,१८,०००च कसे? पावतीपुस्तक उघडून प्रत्येक पावती कोणत्या वर्षाची आहे, हे पाहावं लागतं. सात जणांनी गेल्या वर्षीची थकबाकी भरली, ते १४,०००. पाच जणांनी पुढच्या वर्षाची आगाऊ दिली, ते १०,०००. हे दोन्ही आकडे या वर्षाचे नाहीत. उरलेले १,९४,००० या वर्षाचे, म्हणजे ९७ सभासदांचे. आणखी तिघांनी गेल्या वर्षीच ६,००० आगाऊ भरले होते, ते आता उत्पन्नात येतात. असे शंभर सभासद झाले. वीस जणांचे ४०,००० अजून यायचे आहेत. पैसा आला नसला तरी ते याच वर्षाचं उत्पन्न आहे.

हीच नजर खर्चाकडे लावायची. पगार अकरा महिन्यांचा दिलाय, मार्चचे १०,००० बाकी आहेत. म्हणून खर्च १,२०,०००. शटलचा ८,००० रुपयांचा साठा आधीचा होता, ६०,००० रुपयांची शटल नवी घेतली आणि वर्षअखेरीस १२,००० रुपयांची शिल्लक राहिली; म्हणजे वापरली ५६,००० रुपयांची.

मॅट मात्र या वर्षात संपणारी वस्तू नाही. ती मालमत्ता. घसारा दहा टक्के धरला तर सहा महिन्यांचे ४,००० एवढेच खर्चात पडतात. जुन्या ५०,०००च्या फर्निचरचा वर्षाचा घसारा ५,०००. इमारतीची देणगीही उत्पन्नात धरायची नाही, कारण ती ठराविक कामासाठी दिलेली आहे. ती इमारत निधी म्हणून ताळेबंदात देण्यांच्या बाजूला जाते. ती उत्पन्नात टाकली की तुटीतला क्लब एका फटक्यात नफ्यात दिसतो, आणि अशी चूक मुद्दाम न करताही होते.

आता बेरीज. पगार, वीज-भाडं, शटल आणि घसारा मिळून खर्च २,४५,०००. उत्पन्न २,४०,०००. तूट ५,०००. लिहिताना एक लक्षात ठेवा : जमाखर्चात आलेला पैसा डावीकडे असतो, उत्पन्न-खर्च खात्यात उत्पन्न उजवीकडे जातं. कागद समोर ठेवून तसाच्या तसा उतरवणारा इथेच चुकतो.

ताळेबंदाला भांडवल निधी लागतो आणि तो जमाखर्चात कुठेच नसतो. त्यासाठी १ एप्रिलचा ताळेबंद आधी मांडायचा. रोख व बँक ४०,०००, थकीत वर्गणी १४,०००, शटल ८,००० आणि फर्निचर ५०,००० मिळून १,१२,०००. त्यातून आगाऊ वर्गणीचं देणं ६,००० वजा केलं की निधी १,०६,०००. वर्षाची तूट गेल्यावर तो १,०१,००० राहतो.

३१ मार्चला देण्यांच्या बाजूला हा निधी, इमारत निधी १,००,०००, आगाऊ वर्गणी १०,००० आणि थकलेला पगार १०,०००. मालमत्तेकडे रोख व बँक ४८,०००, येणे वर्गणी ४०,०००, शटल १२,०००, फर्निचर ४५,००० आणि मॅट ७६,०००. दोन्ही बाजू २,२१,०००.

बाजू जुळल्या म्हणून कागद मिटू नका. गेल्या वर्षी सात जणांची वर्गणी थकली होती, यंदा वीस जणांची. ती बुडाली तर तूट आणखी वाढेल. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे इमारत निधी एक लाखाचा आहे आणि हाती आहेत ४८,०००. देणगीदाराने इमारतीसाठी दिलेल्या पैशातून मॅट आली आणि रोजचा खर्चही भागला. टाळ्या पडल्या त्या जमाखर्चात हे दिसत नव्हतं. या क्लबला आज इमारतीचं काम काढता येणार नाही, आणि ते देणगीदाराला सभेतच सांगायला हवं.