मार्चचं दूध जुलैत

दूध संघाच्या मुख्य कार्यालयात रात्री अकराला एक काम आपोआप सुरू होतं. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दिवसभरात फाटलेल्या पावत्या (उत्पादकाचा नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ) पुरवठादार कंपनीच्या सर्व्हरवर जमा झालेल्या असतात, तिथून त्या संघाच्या डेटाबेसात ओढल्या जातात. पहाटे साडेचारला त्यावरून टँकरच्या फेऱ्यांचा तक्ता निघतो. २०२३च्या उन्हाळ्यात हे काम रोज वेळेवर होत होतं, रोज हिरवी खूण येत होती आणि एका रूटवरच्या ११ केंद्रांची एकही पावती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून आलेली नव्हती.

हे कळलं जुलैच्या मध्यात, तेही डॉकवर. टँकरच्या वजनातून आलेले लिटर आणि केंद्रांच्या पावत्यांची बेरीज रूटवार ताडताना हिशेबनिसांना एका रूटपुढे नुसता भोपळा दिसला. चार महिने कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, हा प्रश्न बैठकीत सगळ्यांनी एकमेकांना विचारला. उत्तर ऋतूतच होतं. उन्हाळ्यात दूध आटतंच. वरिष्ठांसमोर जायचा तो तालुक्याचा एकत्रित आकडा, त्यात ही घट बेमालूम मिसळून गेली. शेतकऱ्यांची दहा दिवसांची बिलं केंद्रावरच्या संगणकातून निघत असल्याने पैसेही कुणाचे अडले नव्हते, म्हणून ओरड झाली नाही.

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. रात्रीचं काम दर रूटसाठी एक खूणगाठ ठेवायचं: आत्तापर्यंत आलेल्या पावत्यांमधली सर्वांत अलीकडची वेळ. पुढच्या रात्री त्या वेळेनंतरचं तेवढं मागायचं. मार्चमध्ये एका केंद्राच्या संगणकातला छोटा सेल संपला, वीज गेल्यावर तारीख उडाली आणि चालकाने ती हाताने भरताना २०२३ऐवजी २०३२ टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याने ती दुरुस्तही केली. पण त्या एका सत्राच्या पावत्या वर गेल्या होत्या आणि रूटची खूणगाठ थेट २०३२ला जाऊन बसली होती. त्यानंतर रोज रात्री विचारणा व्हायची की २०३२नंतरचं काही आहे का, आणि सर्व्हर प्रामाणिकपणे सांगायचा, नाही. शून्य पावत्या येणं ही त्या कामाच्या लेखी चूक नव्हतीच.

पहिली सूचना जी आली ती अशा वेळी हमखास येते: खूणगाठ मार्चवर आणा, रात्रीचं काम सगळं ओढून घेईल. घेतलंही असतं. ११ केंद्रं, १३० दिवस, दोन सत्रं, सत्राला साधारण ६० पावत्या. म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास नोंदी. पण त्या ओढताना पुरवठादाराने घातलेली तासाची मर्यादा संपली असती, बाकीचे रूट रांगेत अडकले असते आणि पहाटेचा तक्ता अर्धवट निघाला असता. चार महिने जुन्या दुधासाठी आजचं दूध केंद्रावर तापत ठेवण्यात शहाणपण नव्हतं.

म्हणून उलटं केलं. खूणगाठ १७ जुलैच्या मध्यरात्रीवर आणली, म्हणजे त्या रात्रीपासून चालू काम सुरळीत झालं आणि खड्ड्याचं दुसरं टोक कायमचं पक्कं झालं. मागचं भरायला वेगळं काम लिहिलं, त्याची स्वतःची खूणगाठ, स्वतःचा कच्चा तक्ता. एका विनंतीत एका केंद्राचा एकच दिवस. दुपारी बारा ते चार, तासाला १२० विनंत्या, बास. सकाळचं संकलन तेव्हा आटोपलेलं असतं, संध्याकाळचं सुरू व्हायचं असतं. १,४३० विनंत्या तीन दुपारींत बसत होत्या. रात्रीचं काम तोवर पूर्ण झालेलं नसेल तर हे सुरूच व्हायचं नाही, एवढी एक अट वर ठेवली.

खरा धोका मात्र वेगळ्याच बाजूला होता, आणि तो हिशेबनिसांनी दाखवला. "साहेब, पावती पडली की शेतकऱ्याला मेसेज जातो. मार्चचं दूध जुलैत घातल्याचा मेसेज गेला, तर उद्या सकाळी केंद्रावर माणूस मावणार नाही." बरोबर होतं. तक्त्यात नवी ओळ आली की ट्रिगर मेसेज पाठवायचा. तो ट्रिगर तात्पुरता बंद करू, असं कुणीतरी म्हणालं. पण तक्त्यावरचा ट्रिगर बंद केला की तो सगळ्यांसाठीच बंद होतो, आणि त्या काळात येणाऱ्या ताज्या पावत्यांचे मेसेजही गेले नसते. त्यापेक्षा ओळ कुठून आली हे सांगणारा एक रकाना वाढवला आणि अट ट्रिगरमध्येच घातली:

```sql
CREATE TRIGGER send_sms
AFTER INSERT ON milk_slip
FOR EACH ROW
WHEN (NEW.load_src = 'live')
EXECUTE FUNCTION queue_sms();
```

कच्च्या तक्त्यातून पक्क्यात नेताना टोकाचा एक दिवस मुद्दाम दोन्हीकडे ठेवला होता, म्हणजे सांध्यावर काही गळायला नको. तीच पावती दोनदा आली तर चालू कामाने आणलेली राहावी:

```sql
ON CONFLICT (centre, slip_date, shift, slip_no)
DO NOTHING
```

यात `slip_no` हवाच. उत्पादक आणि सत्र एवढ्यावर ओळख ठरवली असती, तर एकाच सकाळी दोन किटल्या घालणाऱ्याची दुसरी किटली गायब झाली असती. २०३२च्या पावत्या पक्क्या तक्त्यात आधीच होत्या. पावत्यांच्या क्रमांकावरून त्यांचा खरा दिवस पक्का करून तारीख बदलली, आणि हे मागचं भरण्याच्या आधीच उरकलं, नाहीतर त्या पुन्हा आल्या असत्या.

सगळं भरून झाल्यावर ओळी मोजून खूश होणाऱ्यांचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. ओळी बरोबर आणि रुपये चूक, असं सहज होऊ शकतं. इथे ताडायला उत्तम साधन होतं: शेतकऱ्यांना आधीच दिलेली दहा दिवसांची बिलं. एका केंद्राचं ११ ते २० एप्रिलचं बिल लावलं. लिटर शेवटच्या अंकापर्यंत जुळले. रुपये मात्र ४१२ने कमी.

१६ एप्रिलपासून दर रुपयाने वाढला होता. म्हणजे कुठल्या तरी ४१२ लिटरला जुनाच दर लागला होता. पूर्ण सत्राचं दूध त्याहून कितीतरी जास्त, म्हणून सत्राचा घोळ नव्हे. १६ तारखेच्या सकाळच्या पावत्या वेळेनुसार लावल्यावर उलगडा झाला: पाच ते साडेपाचमधलं दूध बरोबर ४१२ लिटर. दरपत्रकाची सुरुवात डेटाबेसात मध्यरात्र म्हणून नोंदली होती, पण ती जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. रात्रीचं काम दर लावताना त्या दिवशी लागू असलेलं दरपत्रक घ्यायचं, वेळ बघायचंच नाही; मागचं भरणाऱ्या कामाने पावतीच्या वेळेवरून दर शोधला होता. शोध तारीख आणि सत्रावर आणला. दर बदललेल्या ज्या ज्या सकाळी केंद्रं साडेपाचच्या आधी उघडली होती, तिथले सगळे छोटे फरक एकदम मिटले.

खूणगाठीला आता आजच्या वेळेपुढे जाता येत नाही. आणि एखादा रूट सलग दोन सत्रं शून्य दाखवत असेल तर खूण लाल होते, मग काम कितीही बिनचूक चाललेलं असो.

एका केंद्राचे मे महिन्यातले नऊ दिवस मात्र आलेच नाहीत. तिथला संगणक बदलला होता आणि जुन्याच्या पावत्या वर चढायच्या राहून गेल्या होत्या. बिलाची छापील प्रत होती, त्यात उत्पादकवार लिटर आणि रक्कम होती, सत्रवार फॅट नव्हतं. सरासरी फॅट टाकून ओळी बनवा, तक्ता पूर्ण दिसेल, असा आग्रह झाला. हिशेबनिसांनी नकार दिला. त्या नऊ दिवसांच्या बेरजा वेगळ्या तक्त्यात हाताने चढवल्या, आणि पावत्यांच्या तक्त्यात ते दिवस आजही रिकामे आहेत.