बॅटरी म्हातारी झाली की उपाशी राहिली?

मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावातली अभ्यासिका डोळ्यांसमोर आणू. गच्चीवर सोलरची पॅनेलं, जिन्याखाली इन्व्हर्टर आणि शेजारी ओळीने मांडलेल्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या. प्रत्येक बॅटरी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची; चारही सिरीजमध्ये जोडलेल्या, म्हणून संच ४८ व्होल्टचा. संचाला पाच वर्षं झाली. पूर्वी संध्याकाळी सहाला सुरू केलेले दिवे-पंखे रात्री अकरापर्यंत चालायचे, आता नऊलाच इन्व्हर्टर ओरडायला लागतो. दुकानदार म्हणतो, "बॅटऱ्या बसल्या, नवा संच घ्या."

तो म्हणतो ते खरं असेलही. पण बॅकअप घटायची दोन वेगळी कारणं असतात. एक, बॅटरी कित्येक महिने पूर्ण चार्जच झालेली नसते. दुसरं, तिच्या आतल्या प्लेटा झिजलेल्या असतात. पहिल्यावर थोडाफार इलाज आहे, दुसऱ्यावर नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, आणि या गोंधळात धडधाकट बॅटऱ्या भंगारात जातात किंवा संपलेल्या बॅटऱ्यांवर पैसे खर्च होत राहतात.

आधी आत काय घडतं ते पाहू. १२ व्होल्टच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या प्लेटा गंधकाम्लाच्या द्रावणात बुडलेल्या असतात. बॅटरी वापरली जाते तेव्हा आम्लातलं सल्फेट दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर जाऊन बसतं आणि द्रावण पातळ होतं; चार्ज करताना तेच सल्फेट परत द्रावणात उतरतं आणि ते दाट होतं. म्हणजे सल्फेट बसणं हा मुळात आजार नाही, बॅटरी चालते ती त्याच्यावरच. आजार सुरू होतो ते सल्फेट फार काळ तिथेच राहिलं की. ताजे स्फटिक बारीक असतात आणि लगेच विरघळतात. बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट चार्ज राहिली तर बारीक स्फटिक एकमेकांत मिळून मोठे, टणक होतात. पिठीसाखर पाण्यात पडताच विरते आणि खडीसाखरेचा खडा तळाशी बसून राहतो, तसा हा फरक. या टणक थरालाच सल्फेशन म्हणतात. प्लेटेचा जेवढा भाग त्याखाली झाकला जातो, तेवढी बॅटरी लहान होते.

पावसाळ्यात सोलरच्या बॅटऱ्यांचं नेमकं हेच होतं. दिवसभर ढग, चार्जिंग अर्धवट, आणि संध्याकाळचा वापर मात्र नेहमीएवढाच.

सल्फेशनची एक खूण फसवी आहे. बॅटरी झटपट "फुल" होते. पूर्वी दुपारी तीनला दिसणारी फुल चार्जची खूण आता अकरालाच दिसते, आणि माणसाला वाटतं, वा, चार्जिंग चांगलं होतंय. प्रत्यक्षात थर चढलेल्या प्लेटा करंट घेत नाहीत, व्होल्टेज लवकर चढतं आणि चार्जर ते पाहून हात आखडता घेतो. वापरताना व्होल्टेज तितक्याच लवकर खाली येतं. त्यामुळे इन्व्हर्टरवरच्या टक्क्यांवर माझा विश्वास नाही. पाण्याच्या बॅटरीचं खरं काय ते हायड्रोमीटर सांगतो.

हायड्रोमीटर द्रावणाचा दाटपणा मोजतो. बोलण्यात त्याला नुसतं "ग्रॅव्हिटी" म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्यूब्युलर बॅटऱ्यांची पूर्ण चार्ज झाल्यावरची ग्रॅव्हिटी २७ अंश तापमानाला १.२४० च्या आसपास असते, आणि कारागीर ती "बाराशे चाळीस" अशी वाचतात. नेमका आकडा बॅटरीच्या लेबलवर किंवा पुस्तिकेत असतो. मोजणी सेलवार करायची, चार बॅटऱ्यांचे चोवीस आकडे वहीत लिहायचे. डिस्टिल्ड वॉटर टाकल्यावर लगेच मोजायचं नाही. ते वरच तरंगत असतं आणि आकडा खोटा, कमी येतो. आधी चार्जिंग होऊन ते मिसळू द्यायचं.

अभ्यासिकेच्या संचात, धरून चालू, फुल दाखवत असतानाही बहुतेक सेल १.२०० वर अडकलेले सापडले आणि दुसऱ्या बॅटरीतला चौथा सेल १.१५० वर. या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. सगळेच सेल सारखे खाली आहेत, म्हणजे संच उपाशी आहे. आणि त्यातला एक सेल इतरांपेक्षा फारच खाली आहे, म्हणजे त्याचं दुखणं बहुधा वेगळं आहे.

आता क्षमता मोजायची. १५० अँपिअर-अवर हा आकडा किती तासांच्या वापरासाठी दिला आहे ते आधी लेबलवर पाहायचं. "सी-१०" असेल तर १५ अँपिअरने दहा तास. "सी-२०" असेल तर साडेसात अँपिअरने वीस तास. सी-२० ची बॅटरी १५ अँपिअरने रिकामी केली तर ती नवी असतानाही दहा तास टिकणार नाही, आणि तिला उगाच नापास केलं जाईल. आपला संच सी-१० चा आहे. सोलरचं चार्जिंग बंद करून इन्व्हर्टरवर १०० वॉटचे सहा पिवळे बल्ब लावले की बॅटऱ्यांमधून साधारण १५ अँपिअर जातात. डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने ते तपासून घ्यावं. मग दर अर्ध्या तासाने प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज वेगवेगळं मोजून लिहायचं. कुठलीही एक बॅटरी १०.८ व्होल्टला आली, की वेळ लिहून चाचणी थांबवायची आणि त्याच दिवशी चार्जिंगला लावायची. रिकामी बॅटरी रात्रभर ठेवणं म्हणजे सल्फेशनला आपणच बोलावणं.

वेगवेगळं मोजण्यावर माझा इतका जोर आहे, त्याला कारण आहे. आपल्या संचात साडेचार तासांनी दुसरी बॅटरी १०.८ वर आली, तेव्हा बाकी तिघी ११.६ वर होत्या. चौघींची बेरीज ४५.६ व्होल्ट. इन्व्हर्टरला फक्त ही बेरीज दिसते, त्याच्या हिशेबी सगळं ठीक आहे आणि तो करंट ओढतच राहतो. सिरीजमध्ये करंट सगळ्यांतून सारखाच जातो, त्यामुळे कमजोर सेल रिकामा झाल्यावरही बाकीच्यांचा करंट त्याच्यातून ढकलला जातो. अखेर तो उलटा चार्ज होऊ लागतो. असा प्रसंग रोज येत राहिला तर सेल फार दिवस जगत नाही.

साडेचार तास गुणिले १५ म्हणजे साडेसदुसष्ट अँपिअर-अवर, मूळ क्षमतेच्या ४५ टक्के. पण संच पूर्ण भरलेलाच नव्हता, त्यामुळे हा निकाल अंतिम मानायचा नाही. आता त्याला पोटभर चार्ज द्यायचा. याला इक्वलायझिंग म्हणतात: मुद्दाम, पण सावकाश दिलेला जादा चार्ज. १२ व्होल्टच्या बॅटरीला १५ ते १५.५ व्होल्ट, म्हणजे संचाला ६० ते ६२, आणि करंट कमी, सहा-सात अँपिअर. इन्व्हर्टर किंवा चार्ज कंट्रोलरमध्ये तशी सोय हवी, नसेल तर कारागिराकडून करून घ्यावं. त्या वेळी दिवे-पंखे बंद ठेवावेत. दर तासाला ग्रॅव्हिटी पाहायची. सलग तीन मोजण्यांत आकडा हलला नाही की थांबायचं, द्रावण ५० अंशांवर गेलं तर लगेच. या काळात हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. म्हणून खिडक्या उघड्या, जिन्याखाली विडी-उदबत्ती नाही, हातात बांगड्या-अंगठ्या नाहीत, डोळ्यांवर चष्मा. सीलबंद बॅटरीला हा उपचार कधीच द्यायचा नाही. तिच्यातलं गेलेलं पाणी परत टाकता येत नाही.

बाजारात सल्फेट विरघळवणाऱ्या बाटल्या मिळतात, कुणी एप्सम सॉल्ट टाकायला सांगतं. माझं मत स्पष्ट आहे: आत काही ओतू नये. आम्लही नाही. ग्रॅव्हिटी कमी दिसली म्हणून आम्ल टाकलं की आकडा वर जातो, पण प्लेटेवरचं सल्फेट प्लेटेवरच राहतं आणि पुढची प्रत्येक मोजणी खोटी ठरते.

इक्वलायझिंगनंतर आपल्या संचातले तेवीस सेल १.२३५ च्या आसपास आले. चौथा सेल १.१७० वर थबकला. तीच चाचणी पुन्हा केली, तर दुसरी बॅटरी १०.८ वर यायला साडेसहा तास लागले, म्हणजे साडेसत्याण्णव अँपिअर-अवर. द्रावण ३३ अंशांवर होतं आणि गरम बॅटरी थोडं जास्त देते, दर अंशाला साधारण अर्धा टक्का. ते वजा केल्यावर क्षमता ६३ टक्क्यांच्या आसपास भरते. पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीतलं अंतर ही उपासमार होती, ती भरून निघाली. राहिलेली तूट बहुतेक झिजेची: पॉझिटिव्ह प्लेटेच्या आतल्या शिशाच्या काड्या गंजतात, त्यांच्याभोवतीचा मसाला सुटून तळाशी गाळ होतो. चार्जिंगने गंज उतरत नाही. बाकीच्या तीन बॅटऱ्या एकेक करून तपासायच्या तर चारचाकीच्या हेडलाइटचे ५५ वॉटचे तीन बल्ब पुरतात; ते मिळून जवळपास १४ अँपिअर घेतात. त्या नऊ तास टिकल्या, म्हणजे तापमान धरून ८० टक्क्यांच्या जरा वर.

हा ८० टक्क्यांचा आकडा महत्त्वाचा आहे. आयईईई ४५० हे वीजकेंद्रांसारख्या ठिकाणच्या बॅटऱ्यांचं प्रमाणक क्षमता ८० टक्क्यांवर आली की बॅटरी बदलायला सांगतं, कारण त्यानंतर उतरण वेगाने होते. पण अभ्यासिका म्हणजे वीजकेंद्र नव्हे. तिची गरज मोजावी. १८ अँपिअर पाच तास, म्हणजे रोज ९० अँपिअर-अवर. चारही बॅटऱ्या सारख्याच ८० टक्क्यांवर, १२० अँपिअर-अवरवर असत्या तर मी दोन पंखे कमी करून आणखी एखादं वर्ष काढा असं सांगितलं असतं. इथे मात्र दुसरी बॅटरी रोज जवळजवळ तळ गाठणार आणि तिच्यातला एक सेल आधीच खचलेला. इथे थांबण्यात फायदा नाही.

मग एकच बदलायची का? संच वर्ष-दीड वर्षाचा असता तर हो, आणि वॉरंटीत. पाच वर्षांच्या तीन बॅटऱ्यांत एक कोरी बसवली तर चार्जर पुन्हा बेरीज पाहूनच चालणार, जुन्या आणि नव्या वेगवेगळ्या वेळी भरणार आणि नवी लवकर म्हातारी होणार. चारही बदलाव्यात. तीन बऱ्या बॅटऱ्या एका बॅटरीवर चालणाऱ्या घरगुती इन्व्हर्टरला अजून कामी येतात. दुसरी मात्र दुकानदारालाच परत द्यावी, आतलं आम्ल न सांडता. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचं पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि आतल्या शिशाला किंमत असल्याने नव्या संचाच्या बिलातून थोडी रक्कम वजाही होते.

टेबलाखाली कुबट, अंड्यासारखा वास आला, एखादी बॅटरी इतरांपेक्षा तापली, एकाच सेलचं पाणी भराभर आटू लागलं किंवा डबा फुगला, तर चाचणीच्या भानगडीत पडू नये. चार्जिंग बंद करून खोली मोकळी करावी आणि कारागिराला बोलवावं.

नवा संच पावसाळ्याआधी नव्हे, शक्य असेल तर पावसाळा संपताना घ्यावा, म्हणजे त्याचे पहिले महिने भरपूर उन्हात जातात. दुकानात सहा-सहा महिने पडून राहिलेली बॅटरीही आतून उपाशी होते, म्हणून घेताना तिची तारीख पाहावी. बसवल्यावर दोन-तीन महिन्यांनी, प्लेटा पूर्ण खुलल्या की, हीच बल्बांची चाचणी एकदा करून तास आणि चोवीस ग्रॅव्हिट्या तारखेसह वहीत लिहाव्यात, आणि पुढे दरवर्षी त्याच महिन्यात, तेच बल्ब लावून.