आजार उलटण्याआधीच्या खुणा

स्किझोफ्रेनिया सहसा एका रात्रीत उलटत नाही. भास आणि संशय परतण्याआधी बरेचदा दोन-चार आठवडे माणूस थोडा बदलतो, आणि तो बदल घरच्यांनाच आधी दिसतो.

समजा, चोवीस वर्षांच्या मुलाने बरे वाटते म्हणून गोळ्या सोडल्या. काही आठवड्यांनी तो रात्री तीनपर्यंत जागू लागतो. मग अंघोळ टळते, ताट खोलीत नेऊन एकटाच जेवतो, शेजारी हसले की ‘मलाच हसले का?’ विचारतो. गेल्या वेळीही क्रम हाच होता. हा क्रम प्रत्येकाचा वेगळा, पण एकाच माणसात बहुधा तसाच परततो. म्हणून तो बरा असताना त्याच्यासोबत बसून मागच्या खुणा वहीत लिहून ठेवा.

एखादी रात्र जागून निघाली म्हणजे आजार उलटला असे नाही. सलग तीन-चार रात्री झोप नाही आणि वहीतली आणखी एखादी खूण दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. डोस स्वतः वाढवू नका. गोळ्या चुकल्यात का, हे शांतपणे विचारा. संशयावर वाद नको. जीव देण्याची किंवा कुणाला मारण्याची भाषा आली, तर मात्र लगेच रुग्णालयात न्या.